गॅस्ट्रिक एम्प्टिंग, हायडा की एमआरसीपी: कोणता स्कॅन कधी करायचा आणि तयारी कशी करायची

जेवल्यावर पोट गच्च होतं, मळमळतं, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मधल्या भागात दुखतं, सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, दोन्हीत फार काही निघालं नाही, आणि मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या तीनपैकी एक नाव येतं. मी न्यूक्लियर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे यातले पहिले दोन स्कॅन माझं रोजचं काम आणि तिसरा शेजारच्या एमआरआय विभागात होतो. पेशंटचे फोन येतात तेव्हा जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "यातला सगळ्यात चांगला कुठला?" पण या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण हे तीन स्कॅन तीन वेगळ्या गोष्टी बघतात आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

थोडक्यात सांगायचं तर गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन बघतो की जठरातलं अन्न पुढे आतड्यात किती वेगाने जातंय. हायडा बघतो की लिव्हरमध्ये तयार झालेलं पित्त पित्ताशयात जातंय का, तिथून बाहेर पडतंय का, कुठे अडतंय किंवा गळतंय का. आणि एमआरसीपी बघतो की पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या आकाराने कशा आहेत, त्यात खडा, अरुंद जागा, गाठ किंवा जन्मजात वेगळी रचना आहे का. म्हणजे पहिले दोन हालचाल मोजतात आणि तिसरा नळ्यांचा नकाशा काढतो. एमआरसीपी नॉर्मल आली म्हणजे पित्ताशय नीट आकुंचन पावतंय असं होत नाही, आणि हायडा नॉर्मल आला म्हणजे नळीत बारीक खडा नाहीच असंही होत नाही. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं सोपं जातं.

आधी हातात काय काय हवं

स्कॅन निवडायच्या आधी चार गोष्टी बघायच्या असतात: उपाशीपोटी केलेली पोटाची सोनोग्राफी, लिव्हर फंक्शन टेस्ट, स्वादुपिंडासाठी लायपेज किंवा अमायलेज, आणि उलट्या किंवा पोट गच्च होण्याचा त्रास असेल तर एंडोस्कोपी. ह्या कुणी टाळून थेट मोठ्या स्कॅनकडे जायचं म्हटलं तर मला ते पटत नाही, कारण स्कॅनचं उत्तर वाचायलासुद्धा याच गोष्टी लागतात. एंडोस्कोपी तर गॅस्ट्रिक एम्प्टिंगच्या आधी हवीच, जठराच्या तोंडाशी अल्सरचा व्रण आकसून किंवा गाठीमुळे रस्ता बंद झाला असेल तरी अन्न अडकून राहणारच आणि स्कॅनमध्ये ते नुसतं "पोट हळू रिकामं होतंय" एवढंच दिसेल.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये दोन जागा शोधा. एक, गॉलब्लॅडरमध्ये खडे आहेत का. दोन, सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका किती मिलिमीटर आहे. पित्ताशय जागेवर असेल तर साधारण ६ मिमीपर्यंत ठीक धरतात, वय वाढलं की किंवा पित्ताशय काढलेलं असलं की ती थोडी रुंद असू शकते. मग लिव्हरच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी बघा. हे वाढलेत आणि नळीही रुंद आहे, तर पित्ताच्या वाटेत कुठेतरी अडथळा असण्याची शंका येते आणि तिथे पहिला नंबर एमआरसीपीचा लागतो.

आता दुखण्याकडे बघा. पित्ताशयाचं दुखणं हळूहळू चढतं आणि मग एकसारखं राहतं, अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतं, मधूनमधून येतं, रात्री झोपेतून उठवू शकतं, आणि शौचाला जाऊन किंवा अँटासिड पिऊन फारसं कमी होत नाही. असं दुखणं आहे, खडे नाहीत, लिव्हर टेस्ट नॉर्मल, एंडोस्कोपीत कारण सापडलं नाही, तर पित्ताशयाच्या आकुंचनाचा हायडा. आणि दुखण्यापेक्षा चार घास खाल्ले की पोट भरणं, तासनतास जडपणा, आधीच्या जेवणातलं अन्न उलटीत पडणं हे जास्त असेल, त्यातून डायबेटीस जुना असेल किंवा जठरावर, अन्ननलिकेवर ऑपरेशन झालेलं असेल, तर गॅस्ट्रिक एम्प्टिंग.

खडे दिसलेच आहेत आणि दुखणंही पित्ताशयाचंच आहे, तर मग आकुंचन मोजायचा हायडा करून काही मिळत नाही, तिथे थेट सर्जनशी बोलायचं असतं. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या वर: ताप-थंडी, कावीळ आणि पोटदुखी तिन्ही एकत्र असतील तर स्कॅनची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. पित्तनलिकेत इन्फेक्शन असू शकतं आणि ते तासातासाला बिघडतं. सोनोग्राफीत नळीतच खडा स्पष्ट दिसला किंवा असं इन्फेक्शन असलं तर डॉक्टर एमआरसीपी वगळून सरळ ईआरसीपी करतात, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जातात, त्यात खडा काढताही येतो. एमआरसीपी नुसतं बघते, काढत काही नाही.

गॅस्ट्रिक एम्प्टिंग: चार तासांचा स्कॅन आणि गोळ्यांची भानगड

यात तुम्हाला किंचित किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळलेलं जेवण देतात आणि कॅमेऱ्याखाली ठरलेल्या वेळी फोटो काढतात. २००८ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली पद्धत आता बहुतेक ठिकाणी प्रमाण धरतात. त्यातलं जेवण म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस, थोडा जॅम आणि पाणी, सगळं मिळून साधारण २५५ कॅलरी. औषध अंड्यात शिजवण्याआधीच मिसळतात म्हणजे ते घट्ट धरून राहतं. शिजलेल्या पदार्थावर वरून टाकलं तर ते सुटून पाण्याबरोबर भराभर निघून जातं आणि पोट चांगलं चालतंय असं खोटंच दिसतं.

आपल्याकडे कितीतरी लोक अंडं खात नाहीत, म्हणून काही ठिकाणी इडलीच्या पिठात औषध मिसळून इडली वाफवतात. हे चालतं, फक्त अंड्याच्या जेवणाचे नॉर्मल आकडे इडलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, त्या सेंटरकडे त्यांच्या जेवणाचे आकडे असायला हवेत. अपॉइंटमेंट घेतानाच हे विचारा: "जेवण काय देता, आणि फोटो किती तासांपर्यंत काढता?" शाकाहारी असाल तर आधीच सांगा, ऐनवेळी सांगितलं तर स्कॅन रद्द होतो. उत्तर दोन तासांपर्यंत असं आलं तर चार तासांपर्यंत होईल का विचारा. दोन तासांना ठीक दिसणाऱ्या काहींचं खरं दुखणं चौथ्या तासालाच उघडं पडतं. नुसतं पाणी किंवा ज्यूस देऊन केलेली टेस्ट सुद्धा याची जागा घेत नाही, कारण पोट आजारी असतानाही पातळ पदार्थ बऱ्याचदा नीट उतरतात.

आता गोळ्या. माझ्या अनुभवात रिपोर्टचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि तो पेशंटच्या निष्काळजीपणामुळे होत नाही. ज्या गोळीला सगळे "ॲसिडिटीची गोळी" म्हणतात तिच्या पाकिटावर नीट बघा. पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला डॉमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड किंवा इटोप्राइड असं नाव दिसेल. हे दुसरं औषध पोट ढकलणारं आहे. पेशंट फॉर्मवर "मोटिलिटीचं औषध घेत नाही" असं मनापासून लिहितो आणि सकाळी उपाशीपोटी पॅन-डी घेऊन येतो, कारण त्याच्या हिशोबाने ती ॲसिडिटीची आहे. मग स्कॅन नॉर्मल येतो आणि त्रास मात्र तसाच राहतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पोटदुखीची डायसायक्लोमिन असलेली गोळी, ब्युस्कोपॅन, पाठ-गुडघ्यासाठी ट्रामाडॉल असलेली गोळी, काही झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या, हे सगळं पोट मंद करतं आणि आजार नसतानाही रिपोर्टमध्ये आजार दिसतो. पाळीच्या दुखण्याला घेतात त्या मेफ्टाल स्पासमध्येही डायसायक्लोमिन असतं, हे बायकांनी खास लक्षात ठेवा. अशी औषधं साधारण ४८ ते ७२ तास आधी बंद करायला सांगतात, पण कुठली आणि कधी हे ज्या डॉक्टरांनी दिलीत त्यांच्याशी बोलूनच ठरवा, मनाच्या आणि फिट्सच्या गोळ्या तर स्वतःहून कधीच बंद करू नका. सगळ्यात सोपं म्हणजे घरातली सगळी पाकिटं टेबलवर मांडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि स्कॅनच्या आठवडाभर आधी ते डॉक्टरांना आणि सेंटरला दोघांनाही दाखवा.

वजन किंवा शुगरसाठी आठवड्याला घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर ते वेगळं सांगा. ते पोट मंद करतं आणि शरीरात अनेक दिवस राहतं, तीन दिवस थांबून भागत नाही. कधी कधी डॉक्टर ते न थांबवताच स्कॅन करतात, पण मग निकाल औषधासकट वाचायचा हे सगळ्यांना माहीत हवं.

डायबेटीस असेल तर सकाळची शुगर. शुगर खूप चढलेली असली की निरोगी जठरसुद्धा मंद चालतं, म्हणून साधारण २७५ च्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलतात. पुढे ढकललं म्हणून चिडू नका, त्या दिवशी केला असता तर निकालावर विश्वास ठेवता आला नसता. जेवणाआधीचं इन्सुलिन घरी टोचून उपाशी येऊ नका, शुगर उतरून रस्त्यातच चक्कर येईल. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर सोबत आणा, स्कॅनचं जेवण देताना किती घ्यायचं ते आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बहुतेक वेळा नेहमीपेक्षा कमी डोस लागतो.

बाकी तयारी साधी आहे: रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी चहासुद्धा नाही, बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते, तंबाखू-सिगारेट-मिश्री अजिबात नको. पाळी सुरू असलेल्या बायकांना शक्यतो पाळीच्या पहिल्या दहा दिवसांतली तारीख घ्यायला सांगतात, कारण पुढच्या दिवसांत हार्मोनमुळे पोट थोडं मंद चालू शकतं, शिवाय गरोदर नसल्याची खात्रीही असते. जेवण दहा मिनिटांत संपवायचं. मळमळ असणाऱ्यांना हे जड जातं, मला माहीत आहे, पण अर्धवट राहिलं किंवा नंतर उलटी झाली तर लपवू नका, टेक्नॉलॉजिस्टला लगेच सांगा म्हणजे ते रिपोर्टमध्ये लिहिलं जाईल. फोटो जेवण संपताच, मग १, २ आणि ४ तासांनी. प्रत्येक फोटोला काही मिनिटंच लागतात, मधल्या वेळात बसून राहायचं, खायचं नाही, जोरात चालायचं नाही. त्या अंड्याच्या जेवणासाठी २ तासांनी ६०% पेक्षा जास्त किंवा ४ तासांनी १०% पेक्षा जास्त अन्न पोटात राहिलं तर पोट मंद आहे असं धरतात. उलट पहिल्याच तासात ३०% पेक्षा कमी उरलं तर पोट फार घाईत रिकामं होतंय, तो वेगळा त्रास आहे आणि त्यातही मळमळ, घाम, जुलाब होतात.

हायडा: उपास हवा, पण फार लांबलेला नको

हातातल्या शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, ते लिव्हर उचलतं आणि पित्तात सोडतं, आणि कॅमेरा तासभर त्याचा प्रवास बघतो: लिव्हर, नळ्या, पित्ताशय, मग आतडं. तासाभरात पित्ताशय दिसलं तर पित्ताशयाची नळी उघडी आहे. दिसलं नाही तर चार तासांपर्यंत उशिराचे फोटो घेतात किंवा काही ठिकाणी शिरेतून थोडं मॉर्फिन देऊन अजून अर्धा तास बघतात. तरीही दिसलं नाही तर नळी बंद आहे, म्हणजे पित्ताशयाची तीव्र सूज असण्याची शक्यता मोठी.

तयारीत लोक उपासाबद्दल दोन्हीकडून चुकतात. किमान चार तास काही खाल्लेलं नसावं, कारण नुकतंच जेवलेलं असलं की पित्ताशय आकुंचन पावत असतं आणि आत काही शिरू देत नाही. पण चोवीस तासांपेक्षा जास्त उपास झाला तर पित्ताशय घट्ट जुन्या पित्ताने गच्च भरलेलं असतं, तेव्हाही औषध आत शिरत नाही आणि रिपोर्ट "पित्ताशय दिसत नाही" असा येतो. आदल्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थीचा कडक उपास धरून दुसऱ्या दिवशी उपाशीच स्कॅनला यायचं असा बेत असेल तर तारीख बदला किंवा आधी सांगा. दाखल झालेल्या, सलाइनवर असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनीही शेवटचं खाणं कधी झालं ते नर्सकडून विचारून टेक्नॉलॉजिस्टला सांगावं, कारण अशा वेळी आधी पित्ताशय रिकामं करणारं औषध देऊन मग स्कॅन करता येतो.

दुसरं म्हणजे ट्रामाडॉल, मॉर्फिन, कोडीनसारखी दुखण्याची औषधं. त्यांनी पित्तनलिकेच्या टोकाची झडप आवळते आणि पित्त आतड्यात उतरत नाही, मग नळीत अडथळा असल्यासारखं चित्र दिसतं. इमर्जन्सीला आलेल्या पेशंटला असं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते कधी दिलं हे कळणं फार गरजेचं असतं.

आता ज्यासाठी बरेच लोक येतात तो भाग, पित्ताशयाचा ईएफ. हृदयाच्या इकोत असतो तसा हाही टक्का आहे, पण हृदयाशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे ३५ आकडा बघून घाबरून कार्डिऑलॉजिस्टकडे जाऊ नका. पित्ताशय भरल्यावर ते आकुंचन पावेल असं काहीतरी देतात आणि किती रिकामं झालं ते मोजतात. समजा भरलेलं असताना कॅमेऱ्याने ८०,००० मोजणी दाखवली आणि आकुंचनानंतर ६०,००० राहिली, तर २०,००० बाहेर गेली, म्हणजे ईएफ २५%. सिंकालाइड नावाचं औषध शिरेतून तासभर हळूहळू दिलं तर ३८% च्या खाली कमी मानतात. तेच औषध दोन-तीन मिनिटांत भरकन दिलं तर निरोगी माणसालाही पोटात कळ येते आणि आकडा खोटा कमी येऊ शकतो. आपल्याकडे हे औषध सहज मिळत नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी फुल क्रीम दूध, चॉकलेट असं तुपकट काहीतरी देतात. तसं असेल तर नॉर्मलची सीमा त्यांच्या जेवणाप्रमाणे वेगळी असते, आणि दूध पचत नसेल तर आधीच सांगा.

ईएफ कमी आला म्हणजे पित्ताशय काढलं की बरं वाटणारच, असं धरून चालू नका. निफेडिपिनसारख्या बीपीच्या गोळ्या, डायसायक्लोमिन, अफूवर्गीय दुखण्याच्या गोळ्या, जुना डायबेटीस यांनीही आकडा खाली येतो. ज्यांचं दुखणं खरोखर वर सांगितलं तसं आहे आणि आकडाही कमी आहे, त्यांना ऑपरेशनने फायदा होण्याची शक्यता बरी असते. ज्यांना मुख्य त्रास गॅस, फुगणं, जडपणा असा आहे त्यांचा नुसता आकडा बघून ऑपरेशन ठरलं तर त्रास तसाच राहू शकतो, म्हणून अशा वेळी दुसऱ्या सर्जनचं मत घ्या असं मी घरच्या माणसालाही सांगेन. आकडा चांगला येऊनही स्कॅनच्या वेळी कळ आली तर ती टेक्नॉलॉजिस्टला सांगा, पण नुसत्या त्या कळेवरून निदान होत नाही.

हायडाचा अजून एक उपयोग पित्ताशय काढल्यानंतर आहे. ऑपरेशननंतर पोट फुगलं, ताप आला, दुखणं वाढलं आणि पित्त गळतंय अशी शंका असली तर हायडात गळती दिसते, आणि नळीला नेमकी कुठे इजा झाली ते एमआरसीपीवर कळतं, इथे दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. बिलिरुबिन खूप वाढलेलं असेल तर मात्र लिव्हर औषध नीट उचलत नाही आणि हायडा धूसर येतो, तेव्हा आधी नळ्यांचा नकाशा बघणं बरं. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे गेली आणि शी पांढरट होतेय, तर हायडाच्या आधी काही दिवस फेनोबार्बिटोन देतात, पण त्या बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला एक दिवसही थांबू नका.

एमआरसीपी: नळ्यांचा नकाशा

यात किरणोत्सर्ग नाही आणि साध्या एमआरसीपीला शिरेतून डायही लागत नाही. मशीन अशा पद्धतीने लावतात की साचलेलं पाणी पांढरंशुभ्र चमकतं आणि बाकी सगळं काळं पडतं, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस पाण्यासारखाच असल्यामुळे नळ्या उजळतात, आणि त्यात खडा असला तर उजेडात काळा ठिपका दिसतो. म्हणूनच चार तास उपाशी यायचं, पोटातलं पाणीही तसंच चमकतं आणि नळ्यांवर येऊन त्यांना झाकतं. काही ठिकाणी आधी अननसाचा रस पाजतात, त्यात मँगनीज असतं आणि त्याने पोटातलं पाणी काळं पडतं. हे ऐकून लोकांना चेष्टा वाटते पण ते खरं आहे. गाठीची शंका असेल आणि डाय देऊन पूर्ण एमआरआय करायचा असेल तर किडनीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा.

खरी तयारी दोन गोष्टींची. पहिली म्हणजे शरीरातला धातू: पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण. इम्प्लांटचं कार्ड घेऊन या, वेल्डिंग किंवा लेथचं काम करणाऱ्यांनी डोळ्याबद्दल आवर्जून सांगा. पित्ताशय काढताना लावलेल्या क्लिप आणि हाडातल्या प्लेट बहुतेक वेळा अडचणीच्या नसतात, तरी सांगायचं. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या घरीच ठेवा म्हणजे तिथे ओढाताण होत नाही. दुसरी गोष्ट श्वास. काही फोटोंना पंधरा-वीस सेकंद श्वास धरावा लागतो, घरी दोन दिवस आधीपासून श्वास सोडून थांबायची सवय करा, कारण हलल्यामुळे धूसर आलेल्या फोटोत बारीक खडा हमखास निसटतो. बंद जागेची भीती असेल तर आधी सांगा, नातेवाइकाला आत थांबू देतात किंवा डॉक्टर हलकं औषध देतात. एकूण वीस ते चाळीस मिनिटं धरा.

मर्यादा पण कळू द्या. ३ ते ५ मिमीपेक्षा लहान खडे, किंवा नळीच्या अगदी तोंडाशी अडकलेला खडा सुटू शकतो. ईआरसीपी झालेल्या माणसाच्या नळीत हवा असू शकते आणि ती काळ्या ठिपक्यासारखीच दिसते. म्हणून एमआरसीपी स्वच्छ आणि लिव्हरचे आकडे मात्र वरखाली होतायत असं असेल तर पुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची असते, त्यात दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते आणि नळीच्या तोंडाजवळचे बारीक खडे जास्त चांगले दिसतात.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा सातारा भागातल्या ४८ वर्षांच्या एक ताई आहेत, बारा वर्षं डायबेटीस. वर्षभरापासून अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरतं, संध्याकाळी दुपारचं जेवण उलटून पडतं, आणि अधूनमधून उजवीकडे दुखतं. सोनोग्राफीत खडे नाहीत, सीबीडी ५ मिमी, लिव्हर टेस्ट आणि लायपेज नॉर्मल. एंडोस्कोपीत रस्ता मोकळा आहे, पण रात्रभर उपाशी असूनही जठरात भात दिसला. कुणीतरी म्हणालं एमआरसीपी करून टाका, सगळं कळेल. पण नळी रुंद नाही, लिव्हरचे आकडे वाढलेले नाहीत, नकाशात शोधायला काही ठोस कारणच नाही. हायडा? उजवीकडचं दुखणं आहे खरं, पण ते पाच-दहा मिनिटांचं आणि उलटी झाली की कमी होणारं, पित्ताशयाच्या दुखण्याशी जुळत नाही. उरलेला भात आणि जुना डायबेटीस दोन्ही जठराकडे बोट दाखवतायत, म्हणून गॅस्ट्रिक एम्प्टिंग.

पाकिटांचे फोटो बघितले तर ॲसिडिटीच्या गोळीत डॉमपेरिडोन आणि पोटदुखीच्या गोळीत डायसायक्लोमिन, म्हणजे एक ढकलणारं आणि एक थांबवणारं, दोन्ही चालू. डॉक्टरांना विचारून दोन्ही तीन दिवस बंद, त्याऐवजी नुसती पॅन्टोप्राझोल. पहिल्या तारखेला सकाळची शुगर ३१०, स्कॅन झाला नाही. पुढच्या आठवड्यात रात्रीचं इन्सुलिन डॉक्टरांनी जरा बदललं, सकाळी शुगर १८४, अंड्याचं जेवण त्यांनी नऊ मिनिटांत संपवलं. दोन तासांनी ६८% आणि चार तासांनी २४% अन्न पोटातच. चार तासांचा २१ ते ३५% हा पट्टा मध्यम म्हणतात, म्हणजे डायबेटीसमुळे झालेला मध्यम गॅस्ट्रोपरेसिस, जठर मंद चालण्याचा आजार. मग थोडं थोडं पाच-सहा वेळा खाणं, तूप-तेल आणि चोथा कमी, शुगरवर ताबा, आणि औषध कोणतं ते डॉक्टर बघतील.

याच ताईंना सहा महिन्यांनी तासभर टिकणारी जबरदस्त कळ आली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद, बिलिरुबिन २.८, सीबीडी ९ मिमी, ताप नाही, तर प्रश्न बदलला आणि आता एमआरसीपीच करायची. गॅस्ट्रोपरेसिस सापडला होता म्हणून नवीन दुखणंही त्याचंच असं मानून बसायचं नाही.

तारखा लावताना आणि रिपोर्ट घेताना

गॅस्ट्रिक एम्प्टिंग आणि हायडा दोन्हीत टेक्नेशियमच असतं, ते साधारण सहा तासांत निम्मं होतं, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करत नाहीत, एक-दोन दिवसांचं अंतर ठेवतात. एमआरसीपी या अडचणीत येत नाही. किरणांची भीती बऱ्याच जणांना असते, दोन्हींमध्ये डोस कमी असतो, गॅस्ट्रिक एम्प्टिंगमध्ये तर फारच कमी, आणि नंतर भरपूर पाणी प्यायचं एवढंच. गरोदर असाल, असण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तारीख घेतानाच सांगा, दारात आल्यावर नाही.

रिपोर्ट घेताना फक्त "नॉर्मल" किंवा "ॲबनॉर्मल" बघून निघू नका. गॅस्ट्रिक एम्प्टिंगमध्ये जेवण कोणतं होतं, किती खाल्लं, १, २ आणि ४ तासांचे टक्के आणि त्या दिवशीची शुगर लिहिली आहे का बघा. हायडात पित्ताशय किती मिनिटांनी दिसलं, आकुंचनासाठी काय दिलं, किती वेळात दिलं आणि ईएफ किती, हे हवं. एमआरसीपीत नळीची रुंदी मिलिमीटरमध्ये, खडा असेल तर त्याची जागा आणि माप, स्वादुपिंडाच्या नळीबद्दल एक ओळ, आणि सीडी मागून घ्या, कारण सर्जन किंवा गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट स्वतः फोटो बघतात. यातलं काही लिहिलेलं नसेल तर त्याच दिवशी काउंटरवर विचारा, तेव्हा डेटा समोर असतो आणि रिपोर्टमध्ये एक ओळ वाढवून द्यायला पाच मिनिटं लागतात.